थांबायचे कधी, हे आधी ठरते

व्हिडिओ गेममधील रणगाड्याची तोफ लक्ष्याकडे एका झटक्यात वळली, तर तिचे वजनच जाणवत नाही. म्हणून तिच्या वेगाला आणि वेगवाढीला मर्यादा घालतात. समजा, कमाल वेग सेकंदाला 60 अंश आहे आणि दर सेकंदाला तो 120 अंशांनी वाढू वा घटू शकतो. मग 90 अंश वळताना पहिल्या अर्ध्या सेकंदात 15 अंश वेग घेण्यात जातात, शेवटचे 15 अंश ब्रेक लावण्यात, मधले 60 अंश एका सेकंदात. एकूण दोन सेकंद.

खरी गोम ब्रेकमध्ये आहे. उरलेला कोन d आणि वेगघट a असेल, तर त्या क्षणी परवडणारा वेग असा:

```
v = sqrt(2 * a * d)
```

प्रत्येक फ्रेमला हा हिशेब नव्याने होतो, त्यामुळे लक्ष्य हलले तरी चालते. ब्रेक उशिरा लागला की तोफ पुढे निघून जाते, परत फिरते आणि लक्ष्याभोवती थरथरत राहते. अगदी जवळ आल्यावर कोन थेट लक्ष्याइतका करून वेग शून्यावर आणला की ही थरथर थांबते.

दुसरी चूक कोनाच्या वजाबाकीत होते. 350 अंशांवरून 10 अंशांवर जायला 20 अंश पुरतात; फरक −180 ते 180 मध्ये आणला नाही, तर तोफ उलटी 340 अंश फिरते.