शिल्लक मालाचं वय कसं काढायचं?

मार्चअखेरीस हार्डवेअरच्या दुकानात मालाची मोजदाद होते, किंमत निघते आणि आकडा सीएकडे जातो. कोणता माल किती दिवसांपासून पडून आहे, हे मात्र त्या आकड्यात कुठंच दिसत नाही. ते काढायला एक्सेलमधले दोन-तीन फॉर्म्युले आणि एक पिव्होट टेबल पुरतं.

बरेच जण शिल्लक यादीसमोर शेवटच्या खरेदीची तारीख आणून वय मोजतात. इथंच हिशेब फसतो. समजा, ३१ मार्च २०२५ रोजी अर्ध्या इंची पितळी बॉल व्हॉल्व्हचे १०० नग शिल्लक आहेत. खरेदी तीनदा झाली: १० जून २०२४ रोजी १२० नग, १५ जानेवारीला ६० आणि २० मार्चला २०. शेवटची तारीख धरली, तर शंभरही नग ११ दिवसांचे ठरतात. पण २० मार्चला आलेच मुळी २०!

आधी आलेला माल आधी विकला जातो असं धरलं, तर शिल्लक उरते ती नव्या खेपांची. म्हणून मागून मोजत यायचं. मार्चचे २० आणि जानेवारीचे ६० मिळून ८० झाले. उरलेले २० जूनच्या खेपेतले, म्हणजे २९४ दिवसांचे.

हेच शीटकडून करून घ्यायचं. खरेदीच्या शीटमध्ये A ते D या रकान्यांत तारीख, मालाचा कोड, नग आणि दर असू द्या. ३१ मार्चनंतरच्या खरेद्या काढून टाका. `Stock` शीटमध्ये कोड आणि शिल्लक नग, तर `Slab` शीटमध्ये वयाचे गट लिहा. मग E ते H या रकान्यांत अनुक्रमे हे चार फॉर्म्युले टाका:

```
=VLOOKUP(B2,Stock!A:B,2,FALSE)
=MAX(0,MIN(C2,E2-SUMIFS(C:C,B:B,B2,A:A,">"&A2)))
=DATE(2025,3,31)-A2
=VLOOKUP(G2,Slab!A:B,2,TRUE)
```

पहिला त्या मालाची एकूण शिल्लक आणतो. दुसरा तिच्यातून नंतरच्या खेपा वजा करून या खेपेचे किती नग उरले ते सांगतो. तिसरा दिवस मोजतो आणि चौथा त्या दिवसांचा गट शोधतो. गटांच्या तक्त्यात ०, ९१, १८१, ३६६ असे सुरुवातीचे दिवस चढत्या क्रमानं हवेत, कारण `TRUE` लिहिलं की तंतोतंत आकडा नसला तरी त्याच्या लगतचा लहान आकडा धरला जातो. कोड शोधताना मात्र `FALSE`च हवं. ते लिहायचं राहिलं तर भलत्याच मालाची शिल्लक येऊन बसते आणि चूक कळतही नाही.

I रकान्यात उरलेले नग गुणिले दर मांडा. पिव्होटमध्ये Rows मध्ये माल, Columns मध्ये गट आणि Values मध्ये ही किंमत टाकली, की कोणत्या मालात किती जुना पैसा अडकलाय ते समोर येतं.

आता पडताळा. उरलेल्या नगांची बेरीज शिल्लक यादीशी जुळली पाहिजे. कमी भरली, तर काही माल खरेदीच्या नोंदी सुरू होण्याआधीचा असतो. तो जुन्या तारखेची वेगळी खेप म्हणून लिहावा. जास्त भरली, तर एकाच मालाच्या एकाच दिवशी दोन नोंदी आहेत का ते पाहून त्या एकत्र कराव्यात. दुरुस्तीनंतर पिव्होटला Refresh द्यायला विसरू नये.

जुना माल आणि न खपणारा माल मात्र एकच नव्हे. व्हॉल्व्ह शेवटच्या ९० दिवसांत ४५ विकले गेले, म्हणजे महिन्याला १५. शंभर नग साडेसहा महिन्यांहून थोडे जास्त पुरतील. माल खपतोय, खरेदी जास्त झाली. जूनचे २० पडून असताना जानेवारीत ६० आणि मार्चमध्ये आणखी २० का मागवले, हा प्रश्न खरा.

न खपणारा माल हुडकताना विक्रीचं पिव्होट करून तळाची नावं पाहिली जातात. पण जे विकलंच गेलं नाही, त्याची विक्रीत नोंद नसते आणि त्याचं नावच पिव्होटमध्ये येत नाही. नेमका सगळ्यात अडलेला माल सुटतो. म्हणून सुरुवात `Stock` शीटपासून करावी आणि प्रत्येक कोडसमोर `SUMIFS`नं ९० दिवसांची विक्री आणावी. शून्य येईल तिथं थांबावं.

शून्य दिसलं म्हणून लगेच माल काढायचा असं नाही. ताडपत्री मार्चमध्ये निपचित असते आणि पावसाच्या तोंडावर उठते; अशा मालासाठी गेल्या वर्षीचा मे-जून पाहावा. शिवाय नवी खोकी पुढं रचायची सवय असेल, तर शीटवर विकला गेलेला जुना नग फळीच्या मागंच सापडतो. रंग आणि सोल्युशन यांची मुदत संपते, म्हणून त्यांच्या डब्यावरची तारीख प्रत्यक्ष वाचल्याशिवाय शीटवर विसंबू नये.