दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याचा नियम का मागे पडला

गेल्या काही वर्षांत बऱ्याच कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना आयटी विभागाकडून एक नोटीस आली आहे. ठरावीक मुदतीनंतर पासवर्ड सक्तीने बदलायला लावणारा नियम रद्द होत आहे, एकदा ठेवलेला पासवर्ड चालू राहील, बाकीचे सुरक्षा नियम मात्र कायम आहेत, असा तिचा आशय असतो. वाचणाऱ्याला सुटल्यासारखं वाटतं आणि लगेच शंकाही येते. इतकी वर्षं ज्या नियमापायी सोमवारी सकाळी लॉगिन अडायचं, हेल्पडेस्कला फोन करावा लागायचा, तो नियम असा सहज काढता येतो? मग तो होता कशासाठी? कंपनीने सुरक्षेत ढिलाई तर केली नाही ना?

ढिलाई केलेली नाही. हा नियम फारसं संरक्षण देत नव्हता आणि त्याच्यामुळे पासवर्ड कमकुवत होत होते, हे मोजून दाखवलं गेलं आहे.

ते मोजमाप अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात झालं. यिनचियान झांग, फॅबियन मॉनरोज आणि मायकेल रायटर या संशोधकांनी 2010 मध्ये ते प्रसिद्ध केलं. विद्यापीठात दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलणं सक्तीचं होतं. विद्यापीठ सोडून गेलेले विद्यार्थी, प्राध्यापक आणि कर्मचारी यांची दहा हजारांहून अधिक बंद खाती संशोधकांना अभ्यासासाठी मिळाली. प्रत्येक खात्यावर त्या माणसाने एकामागून एक ठेवलेले पासवर्ड नोंदलेले होते. ते अर्थातच उघड स्वरूपात नव्हते. संगणक पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. त्यावर गणिती प्रक्रिया करून निघालेला ठसा, म्हणजे हॅश, तेवढा ठेवतो. संशोधकांनी आधी नेहमीच्या साधनांनी यांतले जमतील तेवढे हॅश फोडले. मग त्यांनी खरा प्रश्न हाती घेतला: एखाद्याचा जुना पासवर्ड कळला, तर त्यावरून त्याचा पुढचा पासवर्ड ओळखता येतो का?

ओळखता येतो, आणि फार लवकर. जुना पासवर्ड हाती असलेल्या 7,752 खात्यांपैकी 17 टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाचपेक्षा कमी प्रयत्नांत सापडला. या आकड्याचं महत्त्व लक्षात घ्यायला हवं. ठरावीक चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं बंद करणारी कुलूपव्यवस्था बहुतेक ठिकाणी असते, पण एवढ्या कमी प्रयत्नांत काम झालं तर ती जागीच होत नाही. चोराकडे पासवर्डचे हॅशच असतील आणि तो आपल्या संगणकावर हवे तेवढे प्रयत्न करू शकत असेल, तर 41 टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड प्रत्येकी तीन सेकंदांच्या आत मिळत होता. हे काम साध्या संगणकावर झालं होतं.

याचं कारण माणसाच्या सवयीत आहे. नवा पासवर्ड शोधून काढणं आणि पाठ करणं हे कष्टाचं काम असतं. ते वर्षातून चार वेळा करायला लावलं, तर माणूस जुन्यातच थोडा फेरफार करतो. या विद्यापीठाच्या खेळाडूंना टार हील्स म्हणतात. अशा ठिकाणी `tarheels#1` हा पासवर्ड पुढच्या खेपेला `tArheels#1` होतो, नाहीतर `tarheels#11`. आपल्याकडे हेच `Ganpati@01`, `Ganpati@02`, `Ganpati@03` असं चालतं. आकडा एकाने वाढवणं, एखादं अक्षर मोठं करणं, चिन्हाची जागा हलवणं, चालू महिन्याचं नाव जोडणं, असे मोजकेच प्रकार. संशोधकांनी ते हेरून त्यांची यादी केली आणि संगणकाला त्याच क्रमाने प्रयत्न करायला लावले. चोरही हेच करू शकतो. म्हणजे ज्या प्रसंगासाठी हा नियम होता, जुना पासवर्ड चोराच्या हाती पडल्याचा प्रसंग, नेमका तिथेच तो बऱ्याचदा निकामी ठरत होता.

मग ही मुदत आली कुठून? अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 1985 मध्ये पासवर्डविषयी एक मार्गदर्शिका काढली होती. तिच्यातला विचार गणिती होता. चोर एकेक शक्यता तपासत पासवर्डपर्यंत पोहोचणार, त्याला किती काळ लागेल ते काढायचं आणि तेवढा काळ उलटायच्या आत पासवर्ड बदलायचा. पासवर्ड यंत्राने निवडलेला असेल, तर या हिशेबात तथ्य आहे. पण पुढे पासवर्ड माणसंच निवडू लागली आणि मुदत तेवढी मागे राहिली. अमेरिकेच्या निस्ट या मानके ठरवणाऱ्या संस्थेत बिल बर यांनी 2003 मध्ये पासवर्डविषयीच्या शिफारशी लिहिल्या. मोठं अक्षर, आकडा आणि चिन्ह हवंच, ही जगभरच्या कार्यालयांत रुळलेली पद्धत त्या शिफारशींशी जोडली जाते. त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो, असं बर यांनी 2017 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलला मोकळेपणाने सांगितलं.

त्याच वर्षी निस्टने आपली भूमिका बदलली: मुदत संपली एवढ्याच कारणाने पासवर्ड बदलायला लावू नका, तो फुटल्याचा पुरावा असेल तर मात्र बदलायला लावाच. तेव्हा ही शिफारस होती. 2025 च्या आवृत्तीत सक्तीच्या मुदतीला सरळ मनाई आहे. ब्रिटनच्या सरकारी सुरक्षा यंत्रणेने हा सल्ला 2015 मध्येच दिला होता.

कंपन्यांच्या दृष्टीने निर्णायक वळण 2019 मध्ये आलं, कारण जगातल्या बहुसंख्य कार्यालयांचं लॉगिन ज्यांच्या प्रणालीवर चालतं त्या मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठीच्या आपल्या सुरक्षा शिफारशींतून पासवर्डची मुदत काढून टाकली. तोवर ती शिफारस 60 दिवसांची होती. कंपनीच्या वतीने ॲरन मार्गोसिस यांनी मांडलेला युक्तिवाद कुणालाही पटावा असा आहे. पासवर्ड चोरीला गेलाच नसेल, तर तो बदलायचं कारण नाही. चोरीला गेल्याचं कळलं असेल, तर मुदत संपायची वाट कोण पाहील? त्याच क्षणी बदलायला हवा. म्हणजे मुदत उपयोगी पडते ती फक्त चोरी झाली आहे पण कुणाच्या लक्षात आलेलं नाही, अशा वेळी. आणि तेव्हाही चोराला साठ दिवस मोकळे मिळतात. मेल वाचायला, फायली उतरवून घ्यायला, परत येण्यासाठी दुसरी वाट करून ठेवायला एवढे दिवस लागत नाहीत.

मात्र मायक्रोसॉफ्टने तेव्हाच एक गोष्ट स्पष्ट केली होती: मुदत काढली म्हणजे बाकीची राखण सैल करायची असा अर्थ नाही. नोटिशीतला ‘काय कायम राहील’ हा भाग म्हणूनच जास्त लक्ष देऊन वाचायला हवा.

पासवर्ड फुटल्याची शंका आली की तो बदलणं कायम राहतं. खोट्या पानावर पासवर्ड टाइप झाला, लॅपटॉप हरवला, आपण घरी असताना दुसऱ्याच शहरातून लॉगिन झाल्याचं दिसलं, तर पासवर्ड त्याच दिवशी बदलायचा आणि आयटी विभागाला कळवायचं. एखाद्या खात्याचा पासवर्ड तीन-चार जणांना ठाऊक असेल आणि त्यांतला एक जण नोकरी सोडून गेला, तर तोही बदलायचा. पासवर्डनंतर मोबाइलवर येणारी दुसरी खातरजमा, ॲपमधली मंजुरी किंवा ओटीपी, ही तर आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाची ठरते.

अशा नोटिशीत आणखी एक ओळ बहुधा असते आणि तिने लोक गोंधळतात: ‘सर्वांनी शेवटचा एकदा पासवर्ड बदलावा.’ बदलायची सक्ती काढताना पुन्हा बदलायला का सांगतात? कारण तांत्रिक आहे आणि रास्त आहे. मुदतीच्या जागी कंपनी एक चाळणी बसवते. सर्रास वापरले जाणारे आणि चोरीच्या याद्यांत आलेले पासवर्ड ती स्वीकारत नाही. पण कंपनीकडे सध्याच्या पासवर्डचा फक्त हॅश असतो, त्यामुळे `Ganpati@03` मधला नेहमीचा शब्द या चाळणीला एरवी दिसत नाही. पासवर्ड नव्याने टाइप होतो त्या क्षणीच तो तिच्यापुढे येतो. शेवटचा बदल न करून घेता मुदत काढली, तर जुने कमकुवत पासवर्ड कायमचे टिकतात. हा नियम घाईने काढणाऱ्या संस्थांकडून होणारी सर्वांत धोक्याची चूक हीच आहे.

या तपासणीसाठी आपला पासवर्ड बाहेरच्या कुणाला पाठवला जातो का, ही काळजीही स्वाभाविक आहे. तसं होत नाही. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने चालवलेली फुटलेल्या पासवर्डांची मोठी यादी अशा कामी वापरता येते. समजा कुणी `password` हाच शब्द ठेवायला गेला. कंपनीचा संगणक त्याचा एका ठरलेल्या पद्धतीने हॅश काढतो. तो `5BAA6` ने सुरू होतो आणि चाळीस अक्षरांचा असतो. यादीकडे जातात ती फक्त ही पहिली पाच अक्षरं. त्यांनी सुरू होणारे यादीतले सगळे हॅश परत येतात, ते शेकडो असतात, आणि आपला हॅश त्यांत आहे का हे कंपनीचा संगणक स्वतःशीच पाहतो. यादी चालवणाऱ्याला पासवर्ड कळत नाही.

नव्या पासवर्डची लांबी हा उरलेला मुद्दा. संरक्षण केवळ पासवर्डवरच असेल, तर निस्टच्या 2025 च्या नियमांनुसार तो किमान 15 अक्षरांचा हवा. दुसरी खातरजमा असेल, तर 8 चालतात. चिन्ह आणि आकड्याची सक्ती तिथे नाही. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द एकापुढे एक लिहिले, तर पंधरा अक्षरं सहज होतात आणि लक्षातही राहतात. मुलांची नावं, गावाचं नाव किंवा गाण्याची प्रसिद्ध ओळ मात्र त्यात नको. हा पासवर्ड फक्त कार्यालयासाठीच ठेवायचा, हे तर हवंच. खरेदीच्या संकेतस्थळावरही तोच असेल आणि ते संकेतस्थळ फुटलं, तर चोर तोच पासवर्ड कार्यालयाच्या दारावर लावून पाहतो.

सगळ्याच प्रणाली या सवलतीत येत नाहीत. कार्डाने होणाऱ्या व्यवहारांची माहिती हाताळणाऱ्या कंपन्यांना पीसीआय मानक पाळावं लागतं. जिथे फक्त पासवर्डवर प्रवेश मिळतो, तिथे त्या मानकात 90 दिवसांची मुदत अजून आहे, किंवा खात्याच्या सुरक्षिततेवर सतत नजर ठेवणारी पर्यायी व्यवस्था लागते. काही ग्राहक-बँकांच्या करारांतही अशी अट असू शकते. त्यामुळे एकाच कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपच्या पासवर्डला मुदत नसेल आणि एखाद्या ग्राहकाच्या प्रणालीवरच्या पासवर्डला असेल, असं होऊ शकतं. अशा प्रणालींची नावं नोटिशीत नसतील, तर ती विचारून घ्यावीत.

ही माहिती हाताशी असणं आणखी एका कारणासाठी गरजेचं आहे. ‘तुमचा पासवर्ड आज संपत आहे, इथे क्लिक करा’ हा फसवणुकीच्या मेलचा जुना साचा आहे. आजवर तो खरा वाटायचा, कारण पासवर्ड खरंच संपत असे. ज्या खात्याची मुदत काढली आहे, त्या खात्यासाठी असा मेल आला तर तो खोटा धरावा. त्यातल्या दुव्यावर क्लिक करू नका, उत्तर पाठवू नका, तो लगेच आयटी विभागाकडे पाठवा. आणि क्लिक करून पासवर्ड टाकून झाला असेल, तर संकोच न करता त्याच मिनिटाला फोन करा.