ना अनुयायी, ना खर्च : नव्या व्यवसाय खात्याचे पहिले नव्वद दिवस

इन्स्टाग्रामवर व्यवसायाचे खाते उघडण्यास शुल्क लागत नाही. मात्र पहिल्या तीन महिन्यांतच अनेक खाती निपचित पडतात. अनुयायांची संख्या हेच यशाचे एकमेव माप मानणे, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण आहे. शून्यापासून सुरुवात करणाऱ्यासाठी हे माप फसवे ठरते.

उदाहरणादाखल, इंदूरमध्ये घरी भाजणी आणि मेतकूट करून विकणाऱ्या एका गृहिणीचे खाते डोळ्यांसमोर आणू. तिच्याकडे एक स्मार्टफोन आहे आणि आठवड्याला पाच-सहा तासांचा वेळ आहे. जाहिरातीसाठी पैसे नाहीत.

पहिले तीस दिवस पायाभरणीचे. खाते ‘व्यावसायिक’ प्रकारात बदलून घ्यावे, म्हणजे आकडेवारी पाहता येते. नावाच्या रकान्यातील शब्द शोधात उपयोगी पडतात. म्हणून तेथे केवळ ब्रँडचे नाव न लिहिता ‘घरगुती भाजणी, इंदूर’ असे शब्दही जोडावेत. परिचयात काय मिळते, कुठे पोहोचते आणि मागणी कशी नोंदवायची, एवढेच असावे. सोबत व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा दुवा द्यावा. खाद्यपदार्थ विकायचे असल्याने एफएसएसएआयची नोंदणी आधीच झालेली हवी.

त्यानंतर आठवड्याला तीन, म्हणजे महिन्यात बारा छोट्या चित्रफिती टाकाव्यात. विषय ग्राहकांच्या प्रश्नांतून घ्यावेत : थालीपीठ थापताना का फुटते, भाजणीतील धान्ये किती भाजायची, मेतकूट कशासोबत खायचे. रविवारी तीन तासांत तिन्ही चित्रित करून ठेवल्यास आठवडाभर धावपळ होत नाही. या काळात सर्व नातेवाइकांना खाते अनुसरायला सांगण्याचा मोह टाळावा. ज्यांना भाजणी घ्यायचीच नाही, ते चित्रफीत न पाहता पुढे सरकतात आणि ती कुणाला आवडेल याविषयी यंत्रणेला चुकीचा संकेत मिळतो. विकत घेतलेल्या अनुयायांचा तोटा याहूनही मोठा असतो.

एकतिसाव्या दिवशी बाराही चित्रफितींची आकडेवारी कागदावर मांडावी. समजा, थालीपिठाची चित्रफीत 900 जणांपर्यंत पोहोचली, त्यांतील 700 जण अनुयायी नव्हते आणि 40 जणांनी ती जतन केली. दुसरी एक विनोदी चित्रफीत 2,000 जणांपर्यंत गेली. परंतु जतन करणारे तिघेच आणि चौकशी एकही नाही. वरकरणी दुसरी यशस्वी वाटते. प्रत्यक्षात पहिलीने शंभरात चार-पाच जणांना ती पुन्हा पाहण्याजोगी वाटायला लावली, तर दुसरीने हजारात एक-दोघांना. व्यवसायाच्या दृष्टीने पहिलीच मोलाची आहे.

म्हणून पुढील तीस दिवसांत नवे विषय शोधण्याऐवजी पुढे आलेल्या दोन-तीन विषयांचीच वेगवेगळी अंगे दाखवावीत. प्रत्येक प्रतिक्रियेला त्याच दिवशी उत्तर द्यावे आणि विचारलेला चांगला प्रश्न पुढच्या चित्रफितीचा विषय करावा. लोकप्रिय चित्रपटगीत लावण्यापूर्वी सावध असावे : व्यवसाय खात्यांना अशी बरीच गाणी उपलब्ध नसतात. स्वतःचा आवाज आणि तव्याचा चर्र आवाज पुरेसा असतो.

शेवटचे तीस दिवस विक्रीचे. दर आठवड्यातील एका चित्रफितीत किंमत, वजन आणि पोहोचवण्याचा दिवस स्पष्ट सांगावा. प्रत्येक चौकशीच्या वेळी ‘आमच्याविषयी कुठे कळले?’ असे विचारून उत्तर वहीत नोंदवावे. खात्यामुळे आलेली मागणी आणि ओळखीतून आलेली मागणी त्यावरूनच वेगळी करता येते.

नव्वदाव्या दिवशी साखळी नेमकी कुठे तुटते, ते तपासावे. अनुयायांपलीकडे कुणी पाहतच नसेल, तर चित्रफितीची सुरुवातीची काही सेकंदे कमकुवत आहेत. पाहणारे आहेत, पण खात्यावर येत नाहीत, तर विषयाचा मालाशी संबंध जुळत नाही. खात्यावर येऊनही चौकशी होत नसेल, तर परिचय अपुरा आहे. चौकशी होऊन मागणी अडत असेल, तर दोष खात्यात नसून किंमत किंवा पोहोचवण्याच्या सोयीत आहे. तो आणखी चित्रफिती टाकून सुटणार नाही.

या योजनेलाही मर्यादा आहे. तीन महिन्यांत केवळ या खात्यावर घर चालेल, अशी अपेक्षा ठेवू नये. अनुयायी दीडशेच असले, तरी त्यांतील दहा अनोळखी ग्राहकांनी भाजणी घेतली आणि चौघांनी ती पुन्हा मागवली, तर चौथ्या महिन्यात कोणत्या विषयावर श्रम करायचे, याचे उत्तर त्या चौघांकडेच मिळते.