जिन्याची पहिली पायरी

लोखंडी जिना कापण्याआधी फॅब्रिकेटरचं शॉप ड्रॉइंग तपासणीला येतं. एका नमुना ड्रॉइंगमध्ये मजल्याची उंची ३१५० मिलिमीटर, १७५च्या १८ चढण्या. गणित जुळतं, पण ते कच्च्या स्लॅबवरचं आहे. दोन्ही मजल्यांवर ५० मिलिमीटरची फरशी येणार, पायऱ्यांवर फक्त २०चा दगड. म्हणजे पहिली चढण १४५ आणि शेवटची २०५ होईल. पाय नेमका तिथेच अडखळतो. म्हणून पायऱ्यांची मांडणी नामंजूर, आणि शेऱ्यात हे आकडे कारणासह लिहायलाच हवेत. नुसतं ‘चूक’ लिहिलं तर तेच ड्रॉइंग परत येतं. बाजूचे चॅनेल मंजूर. कठड्याचं वेल्डिंग ४ऐवजी ६ मिलिमीटर, एवढी दुरुस्ती ड्रॉइंगवरच लिहून सुधारणेसह मंजूर.