मनगटावर दोनदा येणारा ओटीपी

अँड्रॉइड फोनला जोडलेल्या साध्या फिटनेस बँडला स्वतःहून एकही मेसेज येत नाही. फोनवर आलेली नोटिफिकेशन बँडचे ॲप वाचते आणि ब्लूटूथवरून मनगटाकडे पाठवते. मधला निरोप्या हे ॲपच असल्यामुळे बहुतेक घोटाळ्यांचे मूळही तिथेच सापडते.

म्हणून बँड ॲपमधूनच जोडावा. फोनच्या ब्लूटूथ यादीत त्याचे नाव दिसते म्हणून थेट तिथूनच जोडला, तर पुष्कळदा ॲपला तो सापडत नाही. अशा वेळी यादीतली ती नोंद काढून टाकावी आणि ॲपमधून नव्याने शोध घ्यावा. बँड आधी दुसऱ्या फोनवर वापरलेला असेल, तर तिथल्या ॲपमधून तो आधी काढावा लागतो. जोडणीनंतर ॲप ‘नोटिफिकेशन ॲक्सेस’ मागते. ती परवानगी नाकारली तर पावले मोजली जातात, पण मेसेज मनगटापर्यंत पोचत नाहीत.

आता दुहेरी नोटिफिकेशनचे पाहू. समजा, बँकेचा ओटीपी मनगटावर दोनदा येतो. आधी फोनच्या पडद्यावरून नोटिफिकेशनची पट्टी खाली ओढावी. तिथेही तोच ओटीपी दोनदा दिसला, एकदा मेसेजेसकडून आणि एकदा ट्रूकॉलरकडून, तर एकाच एसएमएसची वर्दी दोन ॲप देत आहेत. बँडच्या ॲपमधल्या यादीत त्यांपैकी एक बंद करावे. फोनवर मात्र एकदाच दिसला, तर दोष बँडच्या ॲपमध्ये असतो. अनेक ॲपमध्ये एसएमएससाठी वेगळे बटण असते आणि ॲपच्या यादीत ‘मेसेजेस’ही असते. दोन्ही चालू राहिली की तोच मजकूर दोन वाटांनी जातो. एक वाट बंद केली की पुरते.

नोटिफिकेशन येतच नसतील तर पहिला संशय बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगवर घ्यावा. पडदा बंद असताना फोन मागे चाललेली ॲप थांबवतो, त्यात बँडचे ॲपही सापडते. याची परीक्षा सोपी आहे. फोन काही वेळ न हाताळता ठेवावा, कोणाला तरी मेसेज पाठवायला सांगावे आणि मग बँडचे ॲप उघडावे. उघडताच बँड पुन्हा जोडला जात असेल, तर कारण हेच. त्या ॲपची बॅटरी सेटिंग ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करावी. शाओमी, ओप्पो, विवो यांच्या फोनवर ‘ऑटोस्टार्ट’ची परवानगीही द्यावी लागते, नेमकी हीच पायरी सर्वाधिक राहून जाते.

बँड जोडलेला असूनही शांत असेल, तर त्यावरचा ‘डू नॉट डिस्टर्ब’ तपासावा. फोन हातात असताना नोटिफिकेशन न पाठवण्याचा पर्यायही काही ॲपमध्ये असतो. अँड्रॉइड १५ पासून एक मर्यादा मात्र खुद्द फोननेच घातली आहे. घड्याळाचे सोबती म्हणून रीतसर नोंद नसलेल्या ॲपला ओटीपीचा मजकूर दाखवला जात नाही. अशा बँडवर नोटिफिकेशन येते, पण आकडे फोनवरच वाचावे लागतात.