मुतखडा : दोष एकट्या पालकाचा नाही

मुतखडा झाल्याचे कळताच आपल्याकडे प्रथम पालक वर्ज्य केला जातो. पाठोपाठ, खड्यात कॅल्शियम असते म्हणून दूध-ताकही बंद होते. यातील दुसरा उपाय अपायकारक ठरू शकतो. तो का, हे आम्ही येथे मांडीत आहोत.

बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि पालकात ऑक्झलेट विपुल असते, हे खरे. परंतु जेवणात पालकाबरोबर दही वा ताक असेल, तर त्यांतील कॅल्शियम आणि ऑक्झलेट यांची आतड्यातच गाठ पडते. त्यांचा न विरघळणारा संयोग बनतो व तो शौचावाटे निघून जातो. कॅल्शियम नसेल, तर मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात शोषले जाऊन मूत्रात उतरते. इटलीत वारंवार खडे होणाऱ्या 120 पुरुषांवर पाच वर्षे झालेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. कमी कॅल्शियम घेणाऱ्या 60 जणांपैकी 23 जणांना पुन्हा खडा झाला. पुरेसे कॅल्शियम, पण मीठ व मांस बेताचे घेणाऱ्या 60 पैकी केवळ 12 जणांना. मीठ वाढले की मूत्रातील कॅल्शियमही वाढते. म्हणून ताकातही मीठ बेताचेच असावे.

आता पाण्याचा हिशेब पाहू. समजा, मे महिन्यात मोताळ्याच्या शिवारात राबणारा एक शेतकरी दिवसाला तीन लिटर पाणी पितो. त्यातील दोन लिटर घामावाटे गेले, तर मूत्र जेमतेम एक लिटर होते. तेवढेच क्षार अडीच लिटरांऐवजी एका लिटरात साठल्यावर त्यांचे स्फटिक बनू लागतात. त्याने पालक सोडला तरी ही दाटी फारशी कमी होत नाही. म्हणून किती प्यायलो यापेक्षा मूत्र किती झाले, हे मोजावे. दिवसाला अडीच लिटरांच्या आसपास, फिकट रंगाचे मूत्र ही खूण होय. रात्री झोपतानाही पेलाभर पाणी घ्यावे, कारण रात्री मूत्र दाट होते.

याचा अर्थ पालक हवा तितका खावा, असा नव्हे. ज्यांच्या मूत्रात ऑक्झलेट जास्त आढळते, त्यांनी तो कमीच खावा. खाल्लाच तर उकडून, पाणी टाकून, दह्यासोबत. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. जेवणाविना घेतलेली गोळी आतड्यातील ऑक्झलेटला अडवू शकत नाही.

युरिक आम्लाच्या खड्यांचे पथ्य वेगळे असते. म्हणून पडलेला खडा जपून तपासावयास द्यावा. मूत्रपिंड वा हृदय दुर्बल असणाऱ्यांनी पाणी डॉक्टरांना विचारूनच वाढवावे. कुशीतील कळेसोबत थंडी-ताप आला किंवा लघवी थांबली, तर घरगुती काढ्यांत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे.