डोळ्यांची निगा : धुळवडीचा रंग आणि लोकलवरचा फुगा

मार्च उजाडला की शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहणे सुरू होते. भातसा, तानसा, वैतरणेचे पाणी मुंबईला जाते आणि धुळवड येते ती नेमकी या टंचाईत. डोळ्यात रंग गेला तर धुवायला पाणी कुठले, हा प्रश्न म्हणूनच इथे आधी सोडवायला हवा. सकाळीच पिण्याच्या पाण्याचा एक हंडा झाकून बाजूला ठेवावा.

स्वस्त हिरव्या रंगात मॅलाकाइट ग्रीन हे कापड रंगवायचे रसायन सापडते. ते बुबुळाच्या वरच्या नाजूक थराला इजा करते. काही रंगांत चुना किंवा तसाच क्षार असतो, तो आत आत शिरत जातो. म्हणून पहिली काही मिनिटे दवाखान्यापेक्षाही मोलाची.

डोळा चोळायचा नाही. मिटलेल्या पापणीवरची कोरडी पूड आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्यावी. ज्या डोळ्यात रंग गेला तो खालच्या बाजूला येईल अशी मान कलती करावी, दोन बोटांनी पापण्या फाकवाव्यात आणि तांब्याने बारीक धार नाकाकडून कानाकडे सोडावी. मुलाला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघायला सांगत राहावे. पापणीच्या आतली पूड त्यानेच निघते. हे पंधरा-वीस मिनिटे चालायला हवे. चार शिंतोडे मारून थांबणे, हीच नेहमीची चूक. दूध, तूप, गुलाबपाणी किंवा घरात उरलेले जुने ड्रॉप घालू नयेत.

धुतल्यावर तासा-दोन तासांत चुरचुर ओसरली आणि नजर स्वच्छ असली, तर काळजी नको. डोळा उघडवेना, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले, तर त्याच दिवशी तपासणी हवी. रंगात चुना असल्याची शंका असेल, तर बरे वाटले तरी दाखवावे. डॉक्टर नारिंगी कागदाची पट्टी पापणीला लावून निळ्या उजेडात बघतात. बुबुळ जिथे खरचटले असेल, ती जागा हिरवी चमकते.

फुग्याची गोष्ट वेगळी. होळीच्या सुमारास रेल्वे पोलीस रुळांलगतच्या वस्त्यांत जाऊन गाडीवर फुगे मारू नका असे सांगतात, कारण कसारा लोकलच्या दारातल्या प्रवाशावर फुगा आदळतो तेव्हा गाडीचा वेगही त्या माऱ्यात भर घालतो. असा मार वरून किरकोळ दिसतो. आत मात्र बुबुळामागे रक्त साचू शकते, नेत्रपटल फाटू शकते. इथे पाण्याची धार उपयोगाची नाही. डोळा दाबू नये, त्यात काही घालू नये. कागदी पेल्याची कड भोवतालच्या हाडावर टेकवून डोळा झाकावा, डोके उंच ठेवावे आणि नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. साचलेले रक्त पहिल्या पाच दिवसांत पुन्हा वाहू शकते, त्यामुळे डॉक्टरांनी दिलेली फेरतपासणी चुकवू नये. काही आठवड्यांनी जरी डोळ्यासमोर विजा चमकल्या, काळे ठिपके तरंगले किंवा कडेने पडदा सरकल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि फुगा लागल्याचे आवर्जून सांगावे.